तिसरीच्या मॅडमना, ग्रुपवरूनच

नमस्कार मॅडम,

हा मेसेज तुम्हाला पर्सनलच पाठवायचा असं ठरवलं होतं पण मग मुद्दाम ग्रुपवर टाकतेय. एक तर यातलं माझं एकटीचं फार थोडं आहे, वर्गातल्या ३८ घरांनी मिळून केलेलं आहे. आणि दुसरं, परवा पाचवीच्या प्रतिनिधी ताईंचा फोन आलेला, त्यांच्या वर्गाच्या सरांनी पण राजीनामा दिलाय आणि तिकडे ग्रुपवर नुसता धुरळा उडालाय, त्या म्हणाल्या तुम्ही तिसरीत नक्की काय केलं ते सांगा की. फोनवर सांगायला गेले तर अर्धंच सांगून झालं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. तुम्हाला यातलं बरंच माहिती आहे, पण तुम्ही गेल्यावर इकडे काय झालं ते माहिती नाही आणि ते तुमच्यापर्यंत पोचायला पाहिजे असं मला मनापासून वाटतंय.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात बातमी फुटली. तुम्ही अजून कुणाला काही बोललाच नव्हता. कुणाच्या तरी नात्यातल्यांनी सरकारी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या निवड यादीत तुमचं नाव बघितलं, त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर आला आणि रात्री बारापर्यंत मोबाईल थांबायला तयार नव्हता. "वर्षाच्या मधेच कसं काय सोडून जातात ओ", "वार्षिक परीक्षेपर्यंत तरी थांबायला सांगा", "मॅनेजमेंटनेच काढलं असणार, आपल्याला कोण सांगतंय", आणि सगळ्यात जास्त लाईक कशाला, तर "सगळ्यांच्या सह्या घेऊन निवेदन देऊया, राजीनामा मंजूरच करायचा नाही म्हणून". मी प्रतिनिधी म्हणजे काय, जूनमध्ये शिक्षक पालक संघाची कार्यकारिणी सोडतीने निवडतात तशी आमच्या वर्गाची चिठ्ठी माझ्या नावाची निघाली एवढंच, पण त्या रात्री सगळे मलाच विचारत होते की आता काय करायचं.

त्या सह्यांच्या कागदाबद्दल आधी सांगते कारण पाचवीत आत्ता तेच चाललंय. आपल्या ग्रुपवरचे एक बाबा कसबा बावड्याला कोर्टात वकिली करतात, त्यांनी सकाळी सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला आणि निम्मं वातावरण तिथेच शांत झालं. ते म्हणाले, खाजगी शाळेतल्या शिक्षकांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. कायम शिक्षकाने तीन महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसेल तर एक महिन्याची, आणि नोटीस कमी पडली तर तेवढा पगार भरून मोकळं होता येतं. पालकांनी सह्या केल्या म्हणून कुणाला नोकरीत अडकवून ठेवता येत नाही. आणि मॅनेजमेंटने जबरदस्तीने लिहून घेतलं असेल का, तर त्याच्यासाठीच कायद्यात राजीनाम्याच्या दोन प्रती करून, सह्या आणि तारीख घालून, एक रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि एक स्वतःजवळ ठेवायची असं लिहिलंय, कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायचे प्रकार होऊ नयेत म्हणून. तुम्ही तसंच केलं होतं हे नंतर तुमच्याकडूनच कळलं.

आणि वर्षाच्या मधे का, हे ज्यांना अजून वाटतंय त्यांच्यासाठी एकदा स्पष्ट लिहिते. मॅडमनी शाळेची नोकरी करत करत अभियोग्यता परीक्षा दिली, यादीत नाव आलं, मग कागदपत्रांची पडताळणी, मग समुपदेशनाने शाळा मिळते, आणि मग आदेश हातात येतो, त्या आदेशावर हजर व्हायची मुदत असते. ती मुदत गेली तर नोकरी गेली. एप्रिलपर्यंत थांबा असं सांगायचं म्हणजे ती नोकरीच सोडा असं सांगणं. बरं तिकडे जाऊन लगेच मोठा पगार आहे असंही नाही, पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना १६,००० मानधन, त्यानंतर पूर्ण वेतनश्रेणी. आपल्यातलं कोण आपल्या घरच्या मुलीला म्हणालं असतं की सोडून दे? तुम्ही यादी लागल्या लागल्या, आदेश यायच्या आधीच नोटीस दिली, म्हणून तर आपल्याला महिना मिळाला. आदेश आल्यावर दिली असती तर आठवडापण मिळाला नसता. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज सगळ्यांसमोर मानते.

मग प्रश्न एवढाच राहिला की त्या महिन्यात आपण काय मागायचं. मी आणि दोघीजणी मुख्याध्यापिका बाईंना भेटायला गेलो तेव्हा मनात होतं की चांगल्या शिक्षिका द्या एवढंच सांगू. पण तुमच्याशी आधी व्हरांड्यात पाच मिनिटं बोलणं झालं ते फार उपयोगाला आलं. तुम्ही म्हणाला होता, "कोण येणार ते तुमच्या हातात नाही ओ, पण येणाऱ्या बाईंना या मुलांबद्दल काय माहिती मिळणार ते तुमच्या हातात आहे." आम्ही आत जाऊन तेच मागितलं. नवीन मॅडम तुमच्या शेवटच्या दिवसाच्या आधी याव्यात, निदान आठवडाभर दोघी वर्गात असाव्यात. एका वर्गासाठी आठवडाभर दोन पगार, हे शाळेला सोपं नव्हतं, बाईंनी मॅनेजमेंटशी बोलून दोन दिवसांनी हो सांगितलं. त्या आठवड्यात पहिले दोन दिवस नवीन मॅडम मागच्या बाकावर बसल्या आणि तुम्ही शिकवलं, पुढचे दिवस त्यांनी शिकवलं आणि तुम्ही मागे बसलात. हे दुसरं जास्त महत्त्वाचं होतं असं नवीन मॅडम स्वतः सांगतात, कारण त्यांच्या तासाला एखादा मुलगा खिडकीबाहेर बघत बसला की त्यांना कळायचं नाही हा कंटाळलाय का त्याला समजलं नाही, आणि मधल्या सुट्टीत तुम्ही सांगायचा.

आता ती वही. पाचवीच्या ताई, तुम्ही फक्त एवढं वाचलं तरी चालेल.

शिक्षक बदलले की शाळेच्या पद्धतीप्रमाणे रेकॉर्ड हातात देतात. हजेरी, आकारिक मूल्यमापनाची नोंदवही, वर्णनात्मक नोंदी, पहिल्या सत्राच्या संकलितचे गुण, प्रगतिपुस्तकं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून आहे, तिसरीला ६० गुण वर्षभरातल्या आकारिकचे आणि ४० संकलितचे, सगळं मिळून श्रेणी लागते. ते सगळं व्यवस्थित होतंच. पण मॅडम, तुम्ही मला एक श्रेणी दाखवून विचारलं होतं, हे बघून तुम्हाला काय कळलं सांगा. गणितात ब-२. म्हणजे ६१ ते ७० च्या मधे. मला कळलं की पोरगं मध्यम आहे. तुम्ही म्हणालात, या वर्गात ब-२ मिळालेली सहा मुलं आहेत आणि सहाजणं सहा वेगळ्या ठिकाणी अडलीत. ते कुठे लिहिलेलं असतं? तर तुमच्या त्या जाड दोनशे पानी वहीत, जिच्यात प्रत्येक मुलाचं एक पान होतं आणि जी शाळेच्या कुठल्याच रेकॉर्डमध्ये येत नाही. शिक्षक गेला की अशी वही त्याच्याबरोबर घरी जाते आणि माळ्यावर पडते.

एका आईने सुचवलं की वहीची झेरॉक्स काढून नवीन मॅडमना देऊन टाका. कुणीतरी म्हणालं पीडीएफ करून ग्रुपवर टाका, सगळ्यांनाच कळेल. तुम्ही दोन्हीला नाही म्हणालात आणि त्याचं कारण मला त्या दिवशी नीट कळलं नव्हतं, पानं घरी आल्यावर कळलं. त्या वहीत आपणच तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं होतं. कुणाच्या घरी वडिलांची नोकरी गेलेली, कुणाचे आईबाबा वेगळे राहतात, कुणाच्या आजोबांना दारूचं व्यसन. ते तुम्हाला सांगितलेलं होतं, नवीन मॅडमना नाही, आणि शेजारच्या घराला तर अजिबात नाही.

म्हणून तुम्ही प्रत्येक मुलाचं नवीन पान लिहायला घेतलं. एका पानावर चार गोष्टी. काय येतं, कुठे अडतं, काय केलं की चालतं, आणि काय करून बघितलं पण चाललं नाही. खाली निम्मं पान मोकळं, आपल्यासाठी. रोज आठ दहा पानं पाकिटात घालून डब्याच्या पिशवीतून घरी यायची, पाकिटावर चिठ्ठी, "यातलं नवीन बाईंना सांगू नये असं काही असेल ते खोडा, राहिलेलं खाली लिहा, सही करून परत पाठवा."

मॅडम, आमच्या घरी ते पान आलं ना, मी आणि मुलीचे बाबा दोघं रात्री जेवणं झाल्यावर वाचत बसलो होतो. आमच्या मुलीबद्दल लिहिलं होतं, "गोष्ट न अडता भराभर वाचते. पुढे काय झालं असं विचारलं तर सांगते. असं का केलं असेल असं विचारलं तर गप्प. गोष्ट अर्ध्यावर थांबवून विचारलं तर बोलते, पूर्ण झाल्यावर विचारलं तर नाही." आम्ही वर्षभर सगळ्यांना सांगत होतो की हिचं वाचन एक नंबर आहे. वेगाने वाचता येणं आणि वाचलेलं समजणं यात एवढं अंतर असू शकतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून बाबा रोज एक पान वाचून घेतात आणि मधेच पुस्तकावर हात ठेवून विचारतात, आता हा काय करेल, का करेल. पहिल्यांदा चिडायची. आता स्वतःच थांबते आणि म्हणते विचारा.

खोडण्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांना सांगण्यासारखी आहे, नाव अर्थातच घेत नाही आणि त्या घराची परवानगी घेतलीय. एका घरून पान परत आलं त्यात दोन ओळी खोडलेल्या होत्या, घरातल्या भांडणांबद्दलच्या. त्या ओळी नुसत्या खोडलेल्या ठेवल्या तर उजेडात धरून कुणीपण वाचेल म्हणून तुम्ही ते अख्खं पान नव्याने लिहिलंत. आणि त्या दोन ओळींच्या जागी काय लिहिलं, तर "सोमवारी सकाळी पहिल्या तासाला प्रश्न विचारू नयेत, फळा पुसायला किंवा वह्या वाटायला सांगावं, दुसऱ्या तासापासून नेहमीसारखा असतो." बास. नवीन मॅडमना घरात काय चाललंय ते कळायची काहीच गरज नव्हती, सोमवारी काय करायचं ते कळायची गरज होती. ती आई मला फोनवर हे सांगताना रडली. मी तर म्हणते पाचवीवाल्यांनी बाकी काही केलं नाही तरी एवढं करावंच, कारणाऐवजी काय करायचं ते लिहायला सांगावं.

सगळी पानं सहज परत आली असं नाही. उद्यमनगरमध्ये शिफ्टला जाणारे दोन बाबा आहेत, त्यांच्या घरी पाकीट तसंच पिशवीत फिरत होतं. एका ताईंचा लक्ष्मीपुरीत भाजीचा धंदा आहे, त्यांना वाचता येत नाही, त्यांनी मला वाचून दाखवायला सांगितलं पण मग मला त्यांच्या मुलाचं सगळं कळणार, ते बरोबर वाटेना. शेवटी त्यांची मोठी मुलगी नववीला आहे तिने आईला वाचून दाखवलं आणि खाली आईने सांगितलेलं लिहिलं. ते लिहिलेलं होतं, "घरी हिशोब सगळा तोच करतो, पाच किलोपर्यंतचे पैसे तोंडी सांगतो." तुम्ही ते वाचून मुख्याध्यापिका बाईंच्या केबिनपर्यंत पान घेऊन गेला होता, कारण वर्गात हाच मुलगा गुणाकाराच्या उदाहरणाला पाटी कोरी ठेवायचा. तोंडी येतंय, मांडता येत नाही, ही वेगळी अडचण आहे आणि तिच्यावर उपायपण वेगळा.

अजून एक पान, तेही परवानगीने. एका मुलीबद्दल तुम्ही लिहिलं होतं, "फळ्यावरून उतरवताना अक्षरं गाळते, रफार आणि मात्रा सुटतात. पुस्तकातून उतरवताना एकही चूक नाही. डोळे तपासून घ्यावेत." तिच्या घरी समजत होते की धांदरट आहे, त्यावरून ओरडा खात होती बिचारी. सीपीआर दवाखान्यात नेऊन दाखवलं, नंबर निघाला, आता चष्मा आहे. फळ्याचं चुकतं आणि पुस्तकाचं चुकत नाही, या एका फरकावरून कळण्यासारखं होतं, पण ते कळायला दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघणारं माणूस पाहिजे.

मुलांना सांगायचं कधी, यावर आपल्यात दोन मतं होती. बरेच जण म्हणत होते शेवटच्या दिवशी सांगा, नाहीतर महिनाभर रडतील. तुम्ही नवीन मॅडम यायच्या आधीच्या सोमवारी सांगितलं आणि मला ते पटलं, कारण मुलांना तोपर्यंत अर्धवट माहिती होतंच, रिक्षात बोलणं झालेलं. एकाने घरी येऊन विचारलेलं, आम्ही दंगा केला म्हणून बाई चालल्यात काय? हे डोक्यात घेऊन पोरगं आठवडा काढणार असेल तर त्यापेक्षा सांगितलेलं बरं. तुम्ही परिसर अभ्यासाच्या पुस्तकातला आपल्या जिल्ह्याचा नकाशा उघडायला लावला, कोल्हापूर कुठे, चंदगड कुठे ते बोटाने दाखवायला सांगितलं, आणि म्हणालात इथल्या मुलांना शिकवायला मी चाललेय, तिथे बाई कमी आहेत. कुणीतरी विचारलं परत येणार काय, तर तुम्ही येईन म्हणाला नाहीत, "मी आता तिकडचीच बाई असणार" असं सांगितलंत. घरी येऊन पोरं हेच वाक्य जसंच्या तसं सांगत होती. रडली, पण दंगा केला म्हणून गेल्या असं एकाच्याही मनात राहिलं नाही.

निरोप समारंभाबद्दल जास्त लिहीत नाही, तो सगळ्यांनी बघितलाय, फोटो आहेत.

आता तुम्ही गेल्यावरचं. पहिला पंधरवडा अवघड गेला. नवीन मॅडमची पद्धत वेगळी, त्या शुद्धलेखन रोज घेतात, तुम्ही आठवड्यातून दोनदा घ्यायचा, त्यावरून ग्रुपवर "आधीच्या मॅडम असं करत नव्हत्या" चालू झालं. आणि तुम्हाला रात्री फोन. मला हे नंतर कळलं की काहीजण तुम्हाला रोज गृहपाठ विचारत होते आणि तुम्ही उत्तरं देत होता. तिकडे तुमची दोन शिक्षकी शाळा, एकाच खोलीत दोन इयत्ता, नवीन गाव, राहायची सोय अजून धड नाही, आणि इकडून आपण वजाबाकी विचारायची. मी तेव्हा ग्रुपवर लिहिलं होतं की अभ्यासाचं नवीन मॅडमनाच विचारायचं, ते काहींना लागलं, पण ते फक्त तुमच्या झोपेसाठी नव्हतं. पालक जोपर्यंत जुन्या बाईंना विचारतात तोपर्यंत मुलं नवीन बाईंना विचारत नाहीत. फोन थांबले तसं पोरांनी नवीन मॅडमच्या टेबलाजवळ जायला सुरुवात केली, हे नवीन मॅडमनीच मला सांगितलं.

आणि ज्याच्यासाठी मला तुम्हाला हे लिहायचंच होतं ती गोष्ट. तुम्हाला आठवत असेल, ब-२ वाला एक. नवीन मॅडमनी वजाबाकीची चाचणी घेतली त्यात त्याची निम्मी उदाहरणं चुकली. ३०२ वजा १४८, त्याने उत्तर लिहिलं २४६. मॅडमना वाटलं याला वजाबाकीच येत नाही, परत एक अंकीपासून घ्यावी लागणार, त्या तशी तयारीपण करत होत्या. मग त्यांनी त्याचं पान काढलं. त्यावर तुम्ही लिहिलं होतं, "दोन अंकी हातच्याची वजाबाकी बरोबर करतो. तीन अंकीत दशकाच्या घरी शून्य आला की उसनं कुठून घ्यायचं कळत नाही, मग मोठ्यातून लहान वजा करून मोकळा होतो. मण्यांच्या माळा वापरल्या, उपयोग झाला नाही, मोजत बसतो. नोटा वापरल्या की जमतं."

आता ते २४६ बघा. शतकाच्या घरी ३ मधून १ गेला २, ते सरळ. दशकाच्या घरी ० मधून ४ जात नाहीत, तर त्याने उलटं ४ मधून ० काढलं, ४. एककाच्या घरी २ मधून ८ जात नाहीत, उलटं ८ मधून २ काढले, ६. म्हणजे पोरगं आळशीपणाने काहीतरी लिहीत नव्हतं, शून्याशी अडल्यावर त्याने स्वतःचा एक नियम काढला होता आणि मधे शून्य आला की तो लावत होता. ज्या उदाहरणात मधे शून्य नव्हता ती सगळी बरोबर होती, चाचणीचा कागद परत बघितला तेव्हा मॅडमना ते दिसलं.

मग नोटा. खेळातल्या शंभराच्या तीन, एक रुपयाची दोन नाणी, दहाची एकही नाही. १४८ रुपये द्यायचे आहेत. आठ रुपये सुट्टे नाहीत, दहाची नोट मोडायची तर तीपण नाही. तो बराच वेळ नोटांकडे बघत बसला म्हणे, आणि मग म्हणाला, शंभरची मोडून आणायला पाहिजे. मोडली, दहाच्या दहा नोटा आल्या. त्यातली एक परत मोडली, दहा नाणी. आता हातात शंभराच्या दोन, दहाच्या नऊ आणि नाणी बारा. बारातून आठ दिले राहिले चार, नवातून चार दिले राहिले पाच, दोनातून एक दिला राहिला एक. १५४. मग तेच वहीत लिहायला लावलं, शून्यावर काट मारून ९, आणि तो ९ कुठून आला ते तोंडाने सांगायला लावलं, कारण तिथेच मुलं पाठ करतात आणि पुढच्या आठवड्यात विसरतात. नंतर ५००, ७०० अशी दोन शून्यांची दिली तीही त्याने केली. अजून घाईत असला की एखादं उलटं वजा करतो, चारशे तीन, सहाशे पाच असल्या संख्यांना, पण विचारलं की लगेच म्हणतो, "थांबा, मोडायचं राहिलं." त्याच्या आईने मला सांगितलंय की हे सगळं मॅडमना सविस्तर लिही, काही गाळू नको.

मॅडम, ते पान नसतं तर त्या मुलाला परत ७ वजा ३ पासून सुरू केलं असतं. जे येतंय तेच परत महिनाभर, आणि शून्यापाशी आला की परत तिथेच. आणि नवीन मॅडमची त्यात काही चूकसुद्धा म्हणता आली नसती.

सगळ्याच पानांचा असा उपयोग झाला असं नाही हेपण लिहायला पाहिजे. मुलं बदलतात. एका मुलीबद्दल तुम्ही लिहिलं होतं की एकटीला बसवलं की काम करते, ती आता नवीन मैत्रिणीशेजारीच बसून करते, एकटी बसवली तर रुसते. दोन पानांवरचं तर नवीन मॅडमना अजिबात जाणवलं नाही, त्यांनी ती बाजूला ठेवली. आपण सांगितलंच होतं की हे पान म्हणजे सुरुवात करायला, यावर मुलाचा शिक्का मारायचा नाही. म्हणून परवाच्या पालकसभेत ठरलं की पानावर तारीख घालायची, मार्चमध्ये नवीन मॅडम त्यांच्या अनुभवाने पान परत लिहिणार, परत पाकिटातून घरी येणार, आणि चौथीला जे कोण शिक्षक असतील त्यांच्या हातात जाणार. जुनं पान पालकांकडे परत. मुख्याध्यापिका बाईंनी दुसऱ्या वर्गांना पण हे विचारायचं कबूल केलंय, सक्ती नाही, ज्या शिक्षकांना वेळ आहे त्यांनी.

पैशाचा हिशोब ग्रुपला द्यायचा राहिलाय तो इथेच देते. ३४ घरांनी प्रत्येकी १०० दिले, ३,४०० जमले. मॅडमनी स्वतःसाठी काही घ्यायचं नाही असं स्पष्ट सांगितलेलं, त्यामुळे त्यांनी दिलेल्या यादीप्रमाणे वर्गाच्या वाचनपेटीला गोष्टींची पुस्तकं घेतली, २,९६० झाले, पावती माझ्याकडे आहे. ४४० शिल्लक, त्यात पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं घालायचीत. मॅडम, यादीतली जोडाक्षरं नसलेली छोटी पुस्तकं सगळ्यात जास्त फिरतायत, तुम्ही म्हणालाच होता.

तुमचा स्टीलचा डबा आणि ती लाकडी पट्टी स्टाफरूममध्ये राहिलीय. आपल्या वर्गातल्या एका मुलीचे काका दर शनिवारी गडहिंग्लजला जातात, तिथपर्यंत पोचवतो म्हणालेत, पुढचं तुम्ही सांगा कसं करायचं. उत्तराची घाई नाही, सुट्टीच्या दिवशी सवडीने टाका.

आणि ग्रुपवरच्या सगळ्यांना, दोन घरांची पानं अजून परत आलेली नाहीत, कोण ते मला माहिती आहे, इथे लिहीत नाही. शुक्रवारपर्यंत पाकिटात घालून, वर मुलाचं नाव न घालता फक्त हजेरी नंबर घालून पाठवा. फोटो काढून मला व्हॉट्सअपवर पाठवू नका, कागदच पाहिजे.